टाकू नका म्हणता, मग ठेवू कुठं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात गावच्या मंदिरात केलेले भाषण. जसे बोलले तसे उतरवून घेतले.)

मायबाप हो, दिंडीला शंभर वर्षं झाली. थोरामोठ्यांनी काल दिंडीचा इतिहास सांगितला. आम्हाला विणेकरी म्हणाले, बुवा, तुम्ही रविवारच्या घोषणांवर बोला. रविवारी सकाळी आपण नदीवर कचरा काढायला जातो आणि तिथं ज्या घोषणा देतो, त्यांच्यावर. आम्हाला आधी हसू आलं. घोषणांवर काय बोलायचं? पण मग आठवलं, याच घोषणांपायी आमच्या तोंडून एकदा एका माउलीचं मन मोडलं. घोषणा कशी असावी हे आम्हाला कुठल्या पोथीनं शिकवलं नाही, त्या माउलीनं शिकवलं. तेवढंच सांगतो आणि बसतो.

आपलं गाव आळंदीच्या खालच्या अंगाला. इंद्रायणी लोणावळ्याकडनं निघते, देहूवरनं येते, आळंदीला माउलींच्या पायाशी येते आणि पुढं तुळापूरला भीमेला मिळते. आपण मधे बसलोय. वरती जे जे पाण्यात पडतं ते वाहत वाहत आपल्या बंधाऱ्याला येऊन तटतं. ज्या नदीनं तुकोबारायांची गाथा तेरा दिवस सांभाळली असं आपण कीर्तनात सांगतो, त्याच नदीच्या बंधाऱ्याला हार, पिशव्या, बाटल्या आणि फाटकी लुगडी लोंबताना बघून पोरं म्हणाली, बुवा, रविवारी शाळेला सुट्टी, नोकरीवाले घरी, सकाळी साडेसहा ते साडेआठ दोन तास देऊ. धारा काढून माणसं आली. पंचवीस-तीस जण जमायला लागले.

आता काम म्हणलं की घोषणा आलीच. आपण वारकरी, मुक्यानं काम करणं आपल्याला जमत नाही. शाळेतल्या गुरुजींनी पाच-सहा घोषणा पुठ्ठ्यावर लिहून आणल्या. नदी वाचवा, जीवन वाचवा. स्वच्छ नदी, सुंदर नदी. अक्षर मोत्यासारखं. पोरांनी पुठ्ठे धरले, घाटावरनं फेरी काढली, आवाज दणदणीत. फेरी संपली, चहा झाला, आणि मग आम्ही बघितलं की नदी वाचवा म्हणून ओरडलेल्या पोरांनीच चहाचे कप पायरीवर टाकून दिलेत. आम्ही एकाला म्हणलं, अरे, हे काय? तो म्हणाला, बुवा, घोषणा संपली की!

पोरगं खोटं बोललं नव्हतं. त्या घोषणेत कपाचं नावच नव्हतं. नदी वाचवा म्हणलं तर ती कशी वाचवायची, हातानं नेमकं काय करायचं, हे त्यात कुठं होतं? तोंड एकीकडं आणि हात दुसरीकडं. ही पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि ती आमची स्वतःची. आम्ही म्हणलं, गुरुजींच्या घोषणा मऊ पडतात, जरा झणझणीत पाहिजे. आम्ही जुळवली:

कचरा नदीत टाकील जो,
गावाचा वैरी होईल तो!

यमक बसलं, टाळाला बसलं. आम्ही पुढं, पोरं मागं. लोक वळून बघायला लागले तशी आम्हाला आणखी धार चढली.

एका रविवारी अशीच घोषणा चालली असताना घाटाच्या वरच्या पायरीवर एक आजी येऊन थांबली. आपल्याच दिंडीतली. कितीतरी वाऱ्या डोक्यावर तुळस घेऊन चाललेली. मालक जाऊन दहा दिवस झाले होते. हातात गाठोडं होतं, त्यात मालकाचे कपडे, फोटोचा हार, दहाव्याचं सामान. ती नदीत सोडायला आली होती, जसं तिच्या सासूनं केलं, तिच्या आईनं केलं. आणि आम्ही तिच्या तोंडावर बघून, वीस पोरांच्या आवाजात, गावाचा वैरी म्हणलं. आमच्या ध्यानात यायच्या आत ती वळली आणि गाठोडं तसंच छातीशी धरून घरी गेली.

त्या दिवशी आम्हाला अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. गाठोडं तुळशीपाशी ठेवलेलं होतं. आम्ही म्हणलं, माउली, चुकलं आमचं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बुवा, तुम्ही टाकू नका म्हणता, ते मला पटतंय. पण मग हे ठेवू कुठं, ते सांगा की. उकिरड्यावर टाकू का माझ्या मालकाचा हार?"

मायबाप हो, आम्ही इतकी वर्षं कीर्तनं केली, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आपण तिला नुसतं नको म्हणत होतो. कुठं, हे कुणीच सांगत नव्हतं. ज्याला जागाच दाखवली नाही त्याला वैरी म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्या रात्री आम्ही ठरवलं की आधी जागा करायची आणि मग घोषणा करायची. जिथं जागा नाही त्या गोष्टीची घोषणा द्यायचीच नाही.

पुढच्या रविवारी कचरा काढला नाही. घाटाच्या वर, पुराचं पाणी जिथवर येतं त्याच्याही वरती, चिंचेजवळ खड्डा घेतला. तीन हात लांब, तीन हात रुंद, कमरेला लागेल एवढा खोल. तळाला वाळला पाला टाकला. शेजारी एक पोतं टांगलं. निर्माल्य आलं की पहिल्यांदा हार सोडवायचा. दोरा, चमकी, प्लास्टिकची फुलं, नारळाची पिशवी हे सगळं पोत्यात. फुलं, पानं, दूर्वा, तुळस खड्ड्यात. वर पातळ शेणकाला शिंपडायचा आणि टोपलंभर माती पसरायची. खड्ड्याला घाण वास सुटला तर समजायचं की ओल जास्त झाली, मग वाळला पाला घालायचा आणि खालीवर करायचं. तीन-चार महिन्यांत काळं खत होतं. ते झालं का कसं ओळखायचं? मूठभर हातात घ्यावं. फूल ओळखू येईना आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला की झालं.

आजीला आम्ही स्वतः बोलवायला गेलो. मालकाचा हार तिनं आपल्या हातानं सोडवला, दोरा पोत्यात टाकला, फुलं खड्ड्यात वाहिली आणि वर मातीची ओंजळ टाकली. कपडे धुऊन गरजवंताला द्यायचे ठरले. रक्षा चिमूटभर नदीला दिली आणि बाकीची तिच्या बांधावर खड्डा घेऊन आंब्याचं रोप लावलं, त्याच्या बुडाशी घातली. पुष्कळ गावांत आता असं करतात. आजी म्हणाली, आता बरं वाटलं. मग आम्ही घोषणा केली आणि पहिली हाक तिलाच द्यायला लावली.

ती म्हणायची: हार आला!
बाकीचे म्हणायचे: दोरा काढा!
ती: दोरा कुठं?
बाकीचे: पोत्यामधे!
ती: फूल कुठं?
बाकीचे: मातीमधे!

बघा, यात नदी हा शब्द नाही, स्वच्छता हा शब्द नाही. पण जो कुणी हार घेऊन घाटावर येतो त्याला वरनं खालपर्यंत सगळं काम कळतं, आणि अपमान कुणाचाच होत नाही.

ही चाल आम्ही नवी शोधली नाही. गाडगेबाबा तेच करायचे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आपल्या तोंडून गेलेलं उत्तर माणूस विसरत नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडतो. म्हणून आपल्या घोषणेत एकानं विचारायचं आणि सगळ्यांनी झेलायचं. कीर्तनात मागचे टाळकरी धृपद धरतात ना, तसंच.

घोषणा लांब नको हेही कामानंच शिकवलं. गुरुजींनी एक सुरेख ओळ लिहिली होती, निर्माल्य मातीत अर्पण करून नदीचं पावित्र्य राखण्याबद्दल. भिंतीवर ती आजही शोभते, तिथंच ठेवली आहे. पण वाकून टोपलं उचलताना ती म्हणायला गेलं की अर्ध्यात दम तुटतो. आणि आमच्यासारखी चौथीपर्यंत गेलेली, किंवा शाळेचं तोंड न बघितलेली माणसं घाटावर जास्त. त्यांना पुठ्ठा दाखवून काय उपयोग? त्यांच्या कानात पडलं पाहिजे. म्हणून आमची परीक्षा सोपी आहे. भरलेलं टोपलं घेऊन एका दमात म्हणता आली तर घोषणा ठेवायची, नाहीतर काढून टाकायची.

आता एक रविवार सांगतो म्हणजे ध्यानात येईल. कार्तिकात आळंदीला माउलींच्या समाधीचा सोहळा असतो. लाखो माणूस येतं. त्याच्या पुढच्या रविवारी आपला बंधारा बघवत नाही. त्या रविवारी आम्ही सकाळी आधी सगळ्यांना काठावर बसवलं. माणसं तीन टोळ्यांत वाटली. एक टोळी काठावर, एक उथळ पाण्यात, एक खड्ड्यापाशी. पोहणारे दोघं कमरेला दोर बांधून बंधाऱ्याजवळ, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. बाकी कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. त्याची घोषणा सगळ्यांत आधी होते:

पाणी कुठवर?
गुडघ्यावर!
पुढं कोण?
दोरवाले दोन!

ही घोषणा गमतीची नाही. गाळात पाय रुतला की माणूस घाबरतो आणि शेजारच्याला धरतो. म्हणून दर अर्ध्या तासानं चोपदार काठी वर करतात, सगळे थांबतात आणि ही घोषणा परत होते. तेवढ्यात माणसं मोजून होतात.

दुसरी घोषणा काचेची. एकदा एका पोराच्या तळहातात बाटलीची काच गेली, टाके पडले. तेव्हापासून कुणाला काच दिसली की त्यानं तिथंच उभं राहून ओरडायचं, काच दिसली! आणि सगळ्यांनी म्हणायचं, हात मागं, चिमटा पुढं! चिमटेवाला येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काच वेगळ्या डब्यात, पोत्यात नाही, कारण पोतं उचलणाऱ्याच्या पायाला ती फाडते.

त्या रविवारी साडेआठपर्यंत एकोणीस पोती प्लास्टिक निघालं, आणि खड्डा काठोकाठ भरला. शेवटी एकानं म्हणलं, बुवा, पोती पेटवून देऊ, लगेच मोकळं होईल. प्लास्टिकचा धूर विषारी, तो आपल्याच घरात येतो आणि राख परत पावसानं नदीत. म्हणून तिथंच घोषणा झाली: पेटवायचं का? नाही, नाही! गाडीत भरा, गावात न्या! ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी आधीच सांगून ठेवली होती, म्हणून ही घोषणा देता आली. गाडी नसती तर दिली नसती.

जलपर्णीनंही आम्हाला एक धडा दिला. ती निळी फुलं दिसायला छान, पण घाणीच्या पाण्यावर माजते. एका रोपाला धावते फुटून दुसरं रोप होतं, तुटका तुकडा राहिला तरी परत वाढतो. आम्ही पहिल्या साली दोन रविवार घालवून ढीग काढला आणि काठालाच रचला. माणसं दमली, म्हणाली झालं. पहिल्या पुरानं सगळा ढीग उचलून परत नदीत नेला. दोन रविवारांचं काम एका रात्रीत गेलं. मग घोषणेत एक ओळ वाढली: पान नको, मूळ धरा! ढीग कुठं? काठापासून लांब! ओली असताना तिच्यात पाणीच पाणी असतं, उचलवत नाही, पण लांब पसरून उन्हात वाळली की ढिगाचं टोपलं होतं. तिचं खत आम्ही भाजीला घालत नाही, कारण ती घाणीच्या पाण्यात वाढलेली असते. झाडांच्या बुंध्याला घालतो.

आता घोषणेनं काय होत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बंधाऱ्यावरनं पाणी पडतं तिथं पांढरा फेस येतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यावर थोडा फेस असतो, तो काठाला लागला की विरतो. हा तसा नाही. हा साबणासारखा, थराथरानं साचतो, वाऱ्यानं उडतो, विरत नाही आणि वास मारतो. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी शुद्ध न करता नदीत आलं की असं होतं. ते आपल्या टोपल्यात येत नाही. पोरं म्हणाली, बुवा, फेसाची घोषणा करा. आम्ही म्हणलं, फेसाला घोषणा नाही, फेसाला अर्ज. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या जागी फेस दिसला ते वहीत लिहायचं, फोटो काढायचा, ग्रामसभेत ठराव मांडायचा आणि अर्जाची पोच घ्यायची. घाटावर ओरडून तो फेस हटणार नाही, उलट आपण काहीतरी केलं असं खोटं समाधान मिळेल. आपला रविवार काठासाठी आहे, नदीच्या सगळ्या रोगांसाठी नाही, हे पोरांना माहीत असलं पाहिजे. नाहीतर ती दोन वर्षांत थकून घरी बसतात.

शेवटची गोष्ट आपल्याच घरची आहे, दिंडीची, म्हणून ती शंभराव्या वर्षी बोलतो. आषाढीच्या वारीत नीरेकाठी माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. आपल्या दिंडीची पंगत झाली, आणि आम्ही पुढं निघालो. तेवढ्यात ती तुळशीवाली आजी मागं वळून म्हणाली, "बुवा, ती बघा आपली पंगत." रानात आपल्या पंगतीच्या जागी थर्माकोलची ताटं, पाण्याचे पेले वाऱ्यानं नदीकडं चालले होते. राज्यात या ताटांवर 2018 साली बंदी आली, पण कुणी पंगत दिली की त्यातच वाढायचं, आपण खायचं आणि उठायचं. जी नदी आपल्या दाराशी आहे तिला आपण दर रविवारी झाडतो, आणि नीरा दुसऱ्याच्या दाराशी म्हणून तिला ताटं देतो? आम्ही दिंडी थांबवली. अर्धा तास मागं पडलो, पण सगळं गोळा केलं.

तेव्हापासून दिंडीच्या ट्रकमधे दोन फावडी, चार रिकामी पोती आणि एक पाटी असते. पंगत देणाऱ्याला आधीच सांगतो, पानांच्या पत्रावळी नाहीतर प्रत्येकाचं आपलं ताट. मुक्कामाच्या जागी जेवायच्या आधी खड्डा होतो, जेवल्यावर नाही. पंगत उठली की विणेकरी म्हणतात, पत्रावळ कुठं? आणि सगळी दिंडी म्हणते, मातीमधे! पेला कुठं? पोत्यामधे! मगच टाळ उचलायचे. नीरेकाठच्या माणसांनी ती घोषणा ऐकली आणि गेल्या साली तिथली पोरं पंगतीच्या आधीच खड्डा घेऊन उभी होती.

आजी आता वारीला येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण रविवारी घाटावर असते. चिंचेखाली बसून आलेले हार सोडवते आणि दोरा वेगळा करते. नवा माणूस नदीकडं हार घेऊन निघाला की ती त्याला टाकू नको असं म्हणत नाही. ती हात पुढं करते आणि म्हणते, इकडं आण बाबा, दोरा मी काढते.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! रामकृष्ण हरी!